पंधरा मिनिटं मागणारी चिठ्ठी

शिरूर आणि दौंड तालुक्यातल्या सगळ्या बचत गटांतल्या ताया, माई, काकू आणि त्यांच्या शिकलेल्या लेकी, आजचं बोलणं तुमच्यासाठी आहे. आज आपण एका चिठ्ठीबद्दल बोलणार आहोत. ही चिठ्ठी अर्ज नाही, बायोडाटा नाही आणि वशिल्याची मागणीही नाही. आपल्याच कॉलेजातून दहा वर्षांपूर्वी शिकून गेलेल्या, आज एखाद्या कारखान्यात काम करणाऱ्या माणसाला लिहायची ही चिठ्ठी आहे. तिच्यात मागायची गोष्ट एकच: "तुमच्या कामाबद्दल पंधरा मिनिटं फोनवर सांगाल का?"

हा विषय बचत गटाचा कसा, असं तुम्ही विचाराल. म्हणून आधी एक हिशेब मांडते.

समजा, पाटसच्या एका गटातल्या ताईंची मुलगी यंदा दौंडहून बी.एस्सी. झाली. विषय रसायनशास्त्र. सोलापूर रस्त्यावर कुरकुंभची एमआयडीसी आहे. तिथे रसायनांचे आणि औषधांचे कारखाने आहेत. तिथल्या प्रयोगशाळेत काम करावं असं मुलीच्या मनात आहे. अशा प्रयोगशाळेला सगळे क्यूसी म्हणतात. क्यूसी म्हणजे मालाचा दर्जा तपासणारा विभाग. कुणीतरी मुलीला सांगितलं की, पुण्यात तीन महिन्यांचा मशीनचा कोर्स केल्याशिवाय कुणी उभं करत नाही. फी पस्तीस हजार. ताई गटाकडे कर्ज मागायला आल्या.

गटाचं व्याज महिना शेकडा दोन धरा. दर महिन्याला सारखी मुद्दल फेडून बारा महिन्यांत कर्ज संपवायचं ठरवा. पहिल्या महिन्याचं व्याज होतं ७०० रुपये, मग ते कमी कमी होत जातं. वर्षाचं मिळून व्याज ४,५५० रुपये. म्हणजे कोर्स पडला ३९,५५० रुपयांना. त्यात मुलीचं पुण्यात राहणं-खाणं वेगळंच. आता बैठकीत बसलेल्या बारा-पंधरा जणींपैकी कुणी छातीवर हात ठेवून सांगू शकेल का, की हा कोर्स खरंच लागतो? गटातली एकही बाई क्यूसीच्या प्रयोगशाळेत गेलेली नसते. क्लासवाला तर हो म्हणणारच, त्याचा तो धंदाच आहे. मग विचारायचं कुणाला? जी मुलगी याच कॉलेजातून शिकून, याच कामात आज पाच-सात वर्षं आहे, तिला.

आपली सवय अशी की नोकरीची गोष्ट निघाली की आधी भाऊबंद आणि पाहुणे आठवतात. पण मार्क ग्रॅनोव्हेटर नावाच्या अमेरिकी समाजशास्त्रज्ञाने १९७३ साली एक वेगळीच गोष्ट मांडली. ओळखीतून नोकरी लागलेल्या माणसांना त्याने विचारलं, ज्या माणसाकडून तुम्हाला नोकरीची बातमी कळली, तो तुम्हाला किती वेळा भेटत होता? वरचेवर भेटणारा होता असं सांगणारे शंभरात जेमतेम सतरा निघाले. बाकीच्यांना ती बातमी अधूनमधून किंवा क्वचितच भेटणाऱ्या माणसाकडून कळली होती. कारण सरळ आहे. रोज आपल्या ओट्यावर बसणाऱ्या माणसाला तेच ठाऊक असतं जे आपल्याला ठाऊक असतं. लांबच्या ओळखीचा माणूस वेगळ्या जागी वावरतो, म्हणून त्याच्याजवळ वेगळी माहिती असते. कॉलेजचा माजी विद्यार्थी हा असाच लांबच्या ओळखीचा माणूस. परका म्हणावा तर परका नाही, कारण त्याच बाकांवर बसून गेलेला असतो.

आता ही मुलगी साधारणपणे काय लिहिते ते ऐका.

"नमस्कार मॅडम, मी बी.एस्सी. केमिस्ट्री झाले आहे. मला जॉबची खूप गरज आहे. तुमच्या कंपनीत व्हेकन्सी असेल तर प्लीज सांगा. बायोडाटा पाठवला आहे. प्लीज हेल्प करा."

या निरोपाला बहुतेक वेळा उत्तर येत नाही. त्यावरून आपण म्हणतो, मोठी झाली की माणसं विसरतात. पण जरा तिच्या जागी बसून बघा. ती प्रयोगशाळेत काम करते. माणसं घेणं तिच्या हातात नाही, ते काम कंपनीच्या दुसऱ्या खात्याचं किंवा ठेकेदाराचं. "हो" म्हणावं तर ते तिला जमणार नाही. "नाही" म्हणावं तर आपल्याच कॉलेजच्या पोरीला तोडून बोलल्यासारखं होतं. मग ती म्हणते, उद्या बघू. तो उद्या काही येत नाही. दोष माणुसकीचा नाही, मागणीचा आहे. जे तिच्याजवळ नाही ते आपण मागितलं. तिच्याजवळ जे आहे, म्हणजे त्या कामाची माहिती, ते मागितलंच नाही.

आता तीच चिठ्ठी नीट लिहिलेली ऐका. व्हॉट्सअॅपवर पाठवायची आहे असं धरा.

"नमस्कार ताई,
मी आपल्याच कॉलेजमधून यंदा बी.एस्सी. रसायनशास्त्र झाले. राहायला पाटसला. विभागातल्या मॅडमनी तुमचं नाव सुचवलं आणि हा निरोप त्यांच्यामार्फतच पाठवत आहे.
मला औषध कंपनीच्या क्यूसीमध्ये काम करायचं आहे. त्यासाठी एचपीएलसीचा तीन महिन्यांचा कोर्स करावा की नाही, हे या महिन्याच्या २५ तारखेच्या आत ठरवायचं आहे.
त्याबद्दल तुमच्याशी फोनवर पंधरा मिनिटं बोलता येईल का? माझे तीनच प्रश्न आहेत. नव्या मुलीला पहिल्या वर्षी कोणतं काम देतात? घेताना हा कोर्स बघतात, की कंपनी स्वतः शिकवते? मुलींच्या पाळ्या आणि जाण्यायेण्याची सोय कशी असते?
नोकरीसाठी शब्द टाका असं माझं म्हणणं नाही. कंपनीच्या आतलं काही विचारणार नाही.
१२ ते १८ तारखेत, पाळी सुटल्यावर किंवा सुट्टीच्या दिवशी, तुम्ही सांगाल त्या वेळी मी फोन करीन. जमणार नसेल तर 'नाही जमणार' एवढं लिहिलं तरी चालेल."

खाली स्वतःचं पूर्ण नाव आणि फोन नंबर. झाली चिठ्ठी. हिच्यातली एकेक ओळ कशासाठी आहे ते आता बघू.

पहिल्या दोन ओळींत तीन गोष्टी आल्या: मी कोण, कुठली, आणि तुमचं नाव कुठून मिळालं. यातली तिसरी सगळ्यात महत्त्वाची. अनोळखी नंबरवरून निरोप आला की माणूस आधी हाच विचार करतो, हिला माझा नंबर दिला कुणी? म्हणून नंबर मिळवण्याचा मार्गही सरळ ठेवायचा. कॉलेजात जाऊन "मला त्यांचा नंबर द्या" म्हणायचं नाही. विभागातल्या शिक्षकांना सांगायचं, "मॅडम, माझा निरोप तुम्ही पुढे पाठवा, त्यात माझा नंबर आहे. त्यांना वाटलं तर त्या बोलतील." कॉलेजांचं नॅकचं मूल्यांकन होतं तेव्हा माजी विद्यार्थ्यांच्या सहभागाचीही विचारणा होते, त्यामुळे पुष्कळ कॉलेजांत माजी विद्यार्थी संघ असतो आणि त्याचं काम बघणारे एक शिक्षक असतात. शिरूरचं चांदमल ताराचंद बोरा महाविद्यालय असो, दौंडचं कॉलेज असो की आयटीआय, आधी तिथे चौकशी करायची. हे शिक्षक नाही भेटले तर प्रयोगशाळेतले जुने सहायक गाठा. कोण कुठल्या बॅचचं आणि आता कुठे आहे, ते त्यांना तोंडपाठ असतं.

हाक कशी मारायची, हाही प्रश्न मुलींना पडतो. बाई असेल आणि आपल्याच भागातली असेल तर "ताई" चालतं. पुरुष असेल तर पहिल्या निरोपात "सर" म्हणावं. एकदम "दादा" म्हटलं की काहींना ते आपुलकीचं वाटतं, काहींना सलगी. पुढे ते स्वतःच म्हणाले, "अगं, सर काय, दादा म्हण," तर मग म्हणावं. सोय असेल तर पहिली चिठ्ठी माजी विद्यार्थिनीलाच लिहा. पाळ्या, गाडी, कपडे बदलायची जागा, हे प्रश्न बाईला विचारणं सोपं जातं आणि उत्तरही अनुभवाचं मिळतं.

त्यानंतरची ओळ आहे ती ठरवायच्या गोष्टीची. "मला मार्गदर्शन हवं आहे" असं मोघम लिहिलं तर समोरच्याला कळत नाही की बोलायचं कशावर. "हा कोर्स करू की नको, २५ तारखेच्या आत ठरवायचं आहे" म्हटलं की तिला कळतं, आपल्या चार वाक्यांनी या पोरीचं एक काम होणार आहे. तारीख खरी असली पाहिजे. घाई लावण्यासाठी खोटी तारीख घालू नका. बोलता बोलता ती उघडी पडते.

मग येते मागणी, आणि ही चिठ्ठीची मुख्य गाठ. मागणीला चारही बाजूंनी कुंपण घातलेलं आहे. वेळ किती, तर पंधरा मिनिटं. कशावर, तर फोनवर, म्हणजे कुणाला कुठे भेटायला यायचं नाही. प्रश्न किती, तर तीन, आणि ते आधीच लिहून दिलेले. काय मागणार नाही, तेही सांगितलं: नोकरी नाही, कंपनीच्या आतल्या गोष्टी नाहीत. ही शेवटची ओळ नुसती नम्रतेची नाही. औषधांच्या आणि रसायनांच्या कारखान्यात कोणता माल कसा बनतो, कुणाला जातो, हे बाहेर बोलायची कामगारांना बंदी असते. तिला आधीच भरवसा मिळाला की ती मोकळेपणाने बोलते.

प्रश्न आधी लिहून देण्याचा आणखी एक फायदा आहे. काही माणसांना फोनवर बोलणं जमत नाही, पण प्रश्न समोर असले की ती रात्री निवांत आवाजाचा निरोप पाठवून देतात. आपलं काम झालं.

वेळेबद्दल जरा जास्त सांगते, कारण इथेच घोळ होतो. रसायनांच्या कारखान्यात, जिथे पेट घेणारे द्रव असतात, तिथे मोबाईल आत नेऊ देत नाहीत. औषधांच्या प्रयोगशाळेतही बहुतेक ठिकाणी फोन बाहेर कपाटात ठेवावा लागतो. म्हणजे सकाळी अकराला केलेला फोन ती उचलणारच नाही. मुलगी चार वेळा फोन लावते, आणि तिकडे पाळी सुटल्यावर त्या ताईंना एकाच नंबरचे चार मिस्ड कॉल दिसतात. मग काय वाटेल? सुट्टीचंही तसंच. पिंपरी-चिंचवडकडे पुष्कळ कारखान्यांची साप्ताहिक सुट्टी गुरुवारी असते, रविवारी नाही. म्हणून वार आणि तास आपण ठरवायचा नाही. आठवडा आपण सांगायचा, त्यातली वेळ त्यांनी.

शेवटची ओळ "नाही जमणार एवढं लिहिलं तरी चालेल." ही ओळ घालायला मुली कचरतात. वाटतं, आपणच नकाराची वाट दाखवतोय. पण नकार सोपा केला की होकारही सोपा होतो, कारण माणसाला आपण अडकलो असं वाटत नाही. आणि नकार लवकर कळला तर आपण दुसऱ्या ताईंना लिहायला मोकळ्या.

उत्तर आलं नाही तर? सात-आठ दिवस थांबायचं. मग एकच आठवण: "ताई, मागचा निरोप पाहिलात का? या आठवड्यात नाही जमलं तरी हरकत नाही." त्यानंतर पुन्हा काही पाठवायचं नाही. निरोप न येण्याची कारणं पुष्कळ असतात: नंबर बदललेला असतो, घरात आजारपण असतं, कंपनीत तपासणी चालू असते. म्हणूनच एकाच माणसावर भिस्त ठेवू नका. दोन-तीन जणांना लिहा, पण प्रत्येकाला त्याच्या नावाने वेगळं लिहा. सगळ्यांना एकच निरोप फॉरवर्ड केला की वर तसा शिक्का दिसतो, आणि वाचणाऱ्याला कळतं की हे माझ्यासाठी लिहिलेलं नाही.

आता धरा की उत्तर आलं: "गुरुवारी संध्याकाळी सातला कर." मुलीने वही, पेन घेऊन, जिथे रेंज नीट येते तिथे, पाच मिनिटं आधी बसायचं. घरात सांगून ठेवायचं की कुणाशी, कशाबद्दल बोलणार आहे. फोन लागल्यावर पहिलं वाक्य: "ताई, आता बोलायला ठीक आहे ना?" दुसरं: "सात वाजून दोन मिनिटं झालीत, सव्वासातला मी थांबते." आणि मग प्रश्न. मधे आपली सगळी कहाणी सांगायची नाही. तिने बोलायचं, आपण लिहायचं.

अशा बोलण्यातून काय हाती लागतं ते बघू. पहिल्या प्रश्नाला क्यूसीतली अनुभवी बाई साधारण असं सांगेल. नवी मुलगी आली की तिला लगेच मोठ्या मशीनवर बसवत नाहीत. आधी हाताची कामं: वजन अचूक घेणं, द्रावणं तयार करणं, टायट्रेशन, पीएच बघणं, मालात पाणी किती ते मोजणं, काचेची भांडी सांभाळणं. आणि सगळ्यात मोठी परीक्षा लिहिण्याची. जे केलं ते त्याच क्षणी नोंदवायचं, चिठोऱ्यावर लिहून मागून उतरवायचं नाही. चूक झाली तर खोडरबर नाही, गिरवणं नाही. एक आडवी रेघ मारायची, शेजारी बरोबर आकडा, सही आणि तारीख. औषधाच्या कारखान्यात ही शिस्त फार कडक असते, कारण तपासणीला येणारे अधिकारी आधी वह्याच उघडतात.

दुसरा प्रश्न कोर्सचा. एचपीएलसी हे एक मशीन आहे. औषधात मिसळलेले पदार्थ ते वेगवेगळे करतं आणि कोणता किती आहे ते मोजून दाखवतं. औषध कंपनीत कोणत्याही माणसाला, कोर्स केलेला असो वा नसो, तिथल्या पद्धतीप्रमाणे शिकवून, तपासून, कागदावर पात्र ठरवल्याशिवाय त्या मशीनवर स्वतंत्र काम करू देत नाहीत. म्हणजे कोर्समुळे मुलाखतीत चार उत्तरं बरी देता येतील, पण आतलं शिक्षण काही टळत नाही. मुलाखतीत विचारतात ते बहुतेक बी.एस्सी.चंच: नॉर्मॅलिटी म्हणजे काय, मोलॅरिटी म्हणजे काय, बफर कशाला लागतो. ते पक्कं करायला जुनी वह्या-पुस्तकं पुरतात.

इथे एक प्रश्न हळूच जोडता येतो: "मुली आत कशा घेतात, कायम म्हणून, ठेकेदाराकडून, की शिकाऊ म्हणून?" शिकाऊ उमेदवारांसाठी १९६१ चा कायदा आहे, त्याखाली पदवीधरांनाही ठरावीक मुदतीसाठी घेतात आणि दरमहा विद्यावेतन देतात. पैशाचं विचारायचं असेल तर "तुम्हाला किती पगार?" असं कधीही विचारू नका. "नव्या मुलीला साधारण किती ते किती मिळतात?" असं विचारा.

तिसरा प्रश्न पाळ्यांचा. प्रयोगशाळा तिन्ही पाळ्यांत चालते का, मुलींना रात्रपाळी असते का, असेल तर गाडी दारापर्यंत येते की नाक्यावर सोडते, पाटसहून येणाऱ्या गाडीचा मार्ग आहे का. ही उत्तरं कुठल्याही जाहिरातीत सापडत नाहीत. आणि खरं सांगायचं तर पुष्कळ घरांत मुलीची नोकरी होणार की नाही, हे पगारावर ठरत नाही, या गाडीवर ठरतं.

चौदावं मिनिट आलं की आपणच म्हणायचं, "ताई, वेळ होत आली. शेवटचं एकच, याबद्दल आणखी कुणाशी बोलावं असं तुम्हाला वाटतं?" हा प्रश्न विसरू नका. एका माणसाचं सांगणं म्हणजे एका कंपनीचं, एका खात्याचं सांगणं. कायम असलेल्या बाईला ठेकेदाराकडच्या मुलीचे हाल ठाऊक असतीलच असं नाही. दहा वर्षांपूर्वी लागलेल्या माणसाला आजची भरती कशी चालते ते माहीत नसेल. म्हणून निदान दोघींशी बोला. त्यातली एक अलीकडे, दोन-तीन वर्षांत लागलेली असावी. जिने ते काम सोडलं, ती भेटली तर तिचंही ऐका. का सोडलं, हे तीच सांगू शकते.

आता परत त्या कर्जाकडे येऊ. दोघींचं ऐकून समजा चित्र असं दिसलं की कोर्स नसला तरी चालतो, असला तर थोडा उपयोग. मग गट पस्तीस हजार लगेच देणार नाही, आणि मुलीचं शिक्षण अडवतोय असंही होणार नाही. गट म्हणेल, आधी सहा महिने शिकाऊ म्हणून अर्ज कर, त्या काळात जुने विषय पक्के कर. तरीही कोर्स करायचा असेल, तर क्लासला दोन प्रश्न विचारून ये: एका मशीनमागे किती मुलं, आणि प्रत्येकीचा हात मशीनवर किती तास लागतो? वीस मुलं एका मशीनभोवती उभी राहून बघणार असतील, तर ते पैसे बघण्याचे झाले, शिकण्याचे नाहीत. उलट दोघींनीही सांगितलं असतं की आमच्याकडे हा कोर्स बघतातच, तर त्याच पुराव्यावर गटाने कर्ज मंजूर करावं. दोन्ही बाजूंनी निर्णय माहितीवर झाला.

काही ठिकाणी सावध राहायचं. बोलणं चालू असताना समोरचा म्हणाला, "अमुक रक्कम भर, मी लावून देतो," तर तिथेच फोन ठेवायचा. नोंदणीचे म्हणून, गणवेशाचे म्हणून, साहेबांसाठी म्हणून, कोणत्याही नावाने पैसे मागितले तरी उत्तर एकच. तो माजी विद्यार्थी असला तरीही. आणि ज्या शिक्षकांमार्फत निरोप गेला होता त्यांच्या कानावर घालायचं. तसंच बोलणं कामावरून घरच्या चौकशीवर, फोटोवर, रात्रीच्या वेळेवर घसरू लागलं तर तेही तिथेच थांबवायचं. पंधरा मिनिटांची मर्यादा त्यांच्या सोयीची, तशी आपल्या बचावाचीही आहे. "ठरलेला वेळ झाला, थांबते" म्हणायला कारण शोधावं लागत नाही.

हीच पद्धत गटाच्या धंद्यालाही लागू पडते. शिरूरकडे रांजणगावच्या एमआयडीसीत कपडे धुण्याच्या यंत्रापासून मोटारीपर्यंत माल बनतो. त्या भागात वेष्टनाच्या किंवा खाद्यपदार्थांच्या कारखान्यात काम करणारा आपल्या हायस्कूलचा जुना विद्यार्थी असेल, तर त्याला "आमच्या गटाला मदत करा" असं लिहू नका. "आमचा पापड पाकिटात चौथ्या आठवड्यात मऊ पडतो. ओल आत येऊ नये म्हणून पाकिटाचा कागद विकत घेताना दुकानदाराला काय विचारावं, एवढं दहा मिनिटं फोनवर सांगाल का?" असं लिहा. पहिल्या चिठ्ठीला तो काय उत्तर देणार? दुसरीला तो कदाचित दुपारच्या जेवणाच्या सुट्टीतच फोन करील.

शेवटचं काम आभाराचं. त्याच दिवशी दोन ओळी पाठवा, आणि नुसतं "थँक यू ताई" नको. त्यांच्या बोलण्यातलं काय कामाला आलं ते लिहा: "नोंदवहीचं तुम्ही सांगितलंत ते मला माहीतच नव्हतं. आता आधी शिकाऊ म्हणून अर्ज करते." मग दोन-तीन महिन्यांनी, निर्णय झाल्यावर, काय झालं ते एकदा कळवा. तेव्हाही काही मागायचं नाही. पुढे कधी जागा निघालीच, तर त्यांना आपोआप आठवेल की एक पोरगी वेळेवर फोन करणारी आणि वेळेवर ठेवणारी होती. पण आठवलं नाही, तरी आपण जे मागितलं होतं ते पूर्ण मिळालेलं असतं.

पुढच्या बैठकीत एक करून बघा. ज्या घरात अशी मुलगी किंवा मुलगा आहे, त्यांनी चिठ्ठी लिहून आणावी आणि गटातल्या सगळ्यात कमी शिकलेल्या मावशींना वाचून दाखवावी. मग त्यांना तीन गोष्टी विचारायच्या: ही कोण आहे, हिला काय हवंय, आणि समोरच्याचा किती वेळ जाणार? तिन्ही उत्तरं मावशींनी बरोबर दिली तर चिठ्ठी पाठवा. एखाद्या ठिकाणी त्या अडखळल्या तर तेवढी ओळ पुन्हा लिहा.